‘पर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत? शाळेचे परिपत्रक मराठीत आणताना

इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे परिपत्रक सहसा एका पानाचे असते. वर शाळेचे नाव आणि जावक क्रमांक, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, मधल्या वीस-पंचवीस ओळींत फी, सुट्ट्या आणि शिस्त. पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत या शाळांत मुले घालणाऱ्या कित्येक घरांत ते इंग्रजी सहज वाचणारे मोठे माणूस नसते. मग पान मराठीत करण्याचे काम मराठीच्या बाईंकडे किंवा कार्यालयातल्या लिपिकाकडे येते, तेही बहुधा शाळा सुटायच्या वेळी, ‘जरा दहा मिनिटांत करून द्या’ असे म्हणून.

मराठी मजकूर ही शाळेची केवळ मेहेरबानी नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 नुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेल्या फीचा तपशील सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावा लागतो. म्हणजे फीचे आकडे मराठीत देताना भाषांतर करणारा कायद्याच्याच एका कलमाची अंमलबजावणी करत असतो. आकडा चुकला तर ‘ते मराठीत जरा इकडे-तिकडे झाले’ म्हणून भागत नाही.

नमुन्यादाखल एक परिपत्रक घेऊ. शाळा काल्पनिक आहे, पण असा मजकूर कुठल्याही शाळेच्या फाइलीत सापडेल. 2026 च्या दिवाळीआधी निघालेल्या या पत्रकात दुसऱ्या सत्राची फी 12,000 रुपये, ती 10 ऑक्टोबर रोजी किंवा त्याआधी भरायची, नंतर रोज 50 रुपये दंड, दिवाळीची सुट्टी 5 ते 21 नोव्हेंबर आणि शेवटी शिस्तीचे पाच-सहा नियम आहेत. घाईत केलेल्या भाषांतरात फीची ओळ अशी उतरते: ‘सर्व पालकांना याद्वारे कळविण्यात येते की, द्वितीय सत्राचे शुल्क रु. 12,000/- दि. 10 ऑक्टोबर रोजी वा तत्पूर्वी अदा करण्यात यावे, अन्यथा प्रतिदिन रु. 50/- विलंब शुल्क आकारण्यात येईल.’

व्याकरणात चूक नाही. मूळ मजकुरातले काही सुटलेलेही नाही. तरी ही ओळ रिक्षाचालक वडिलांना किंवा चार घरी स्वयंपाक करणाऱ्या आईला उपयोगी पडत नाही, कारण ती कचेरीला उद्देशून लिहिल्यासारखी आहे. ‘तत्पूर्वी अदा’ हे शब्द घरात कोणी बोलत नाही. घरात ‘फी भरली का?’ असेच विचारतात. ‘शुल्क’ हा कायद्यातला शब्द आहे. पावतीवर तो छापलेला असेल तर परिपत्रकात एकदा ‘फी (शुल्क)’ असे जोडीने लिहावे आणि पुढे फीच म्हणावे.

भाषा सोपी केली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. खरी अडचण मूळ इंग्रजीतच दडलेली असते आणि भाषांतर करायला बसल्यावरच ती दिसते. 10 ऑक्टोबर 2026 हा शनिवार आहे, आणि तोही महिन्यातला दुसरा. दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात. ज्या पालकांना चलन घेऊन बँकेत फी भरायची आहे त्यांच्यासाठी शेवटची तारीख प्रत्यक्षात 9 ऑक्टोबर, शुक्रवार ठरते. इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याने कॅलेंडर पाहिलेले नाही. भाषांतर करणाऱ्याने पाहिले पाहिजे. दुसरा प्रश्न दंडाचा. ‘रोज 50 रुपये’ यात रविवार धरायचा की नाही? 10 तारखेनंतर लगेच 11 तारखेचा रविवार आहे. सोमवारी फी भरायला आलेल्या बाईंना दोन दिवसांचे 100 रुपये सांगितले की त्या खिडकीवर भांडणार, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

अशा प्रश्नांची उत्तरे भाषांतर करणाऱ्याने मनाने द्यायची नसतात. कागदाच्या बाजूला प्रश्न लिहून काढावेत, मुख्याध्यापकांकडे किंवा लेखा विभागाकडे जावे आणि उत्तर लेखी घ्यावे. साधा व्हॉट्सॲप संदेशही चालतो. एवढी खटपट केल्यावर तीच ओळ अशी होऊ शकते:

‘दुसऱ्या सत्राची फी 12,000 रुपये आहे. ती शनिवार, 10 ऑक्टोबर 2026 या दिवसापर्यंत भरावी लागेल. ऑनलाइन फी 10 तारखेच्या रात्रीपर्यंत भरता येईल. 10 तारखेला दुसरा शनिवार असल्यामुळे बँक बंद आहे. चलनाने फी भरणाऱ्यांनी शुक्रवार, 9 ऑक्टोबरलाच बँकेत जावे. 11 ऑक्टोबरपासून दर दिवसाला 50 रुपये जादा द्यावे लागतील. रविवार आणि सुट्टीचे दिवसही त्यात धरले जातील. उदाहरणार्थ, 16 ऑक्टोबरला फी भरली तर सहा दिवसांचे 300 रुपये मिळून एकूण 12,300 रुपये होतील.’

एका ओळीच्या आठ झाल्या. लांबी वाढली म्हणून शाळेतले कोणी कुरकुरेल, पण या आठ ओळी वाचून पालकाला फोन करावा लागत नाही. हिशेबाचे एक उदाहरण तर नेहमीच द्यावे. दंडाचा नियम वाचून कळत नाही, रक्कम पाहून कळतो.

फीच्या मजकुरात आणखी दोन जागा निसरड्या आहेत. पहिली म्हणजे ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ हे वाक्य. प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत रक्कम शाळा सोडताना परत मिळते, असे बऱ्याच परिपत्रकांत आणखी खाली कुठेतरी लिहिलेले असते. ही दोन वाक्ये मराठीत शेजारी ठेवली नाहीत तर अनामतही गेली, असाच अर्थ पालक घेतात. दुसरी जागा शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांची. ‘सर्व पालकांनी’ या शब्दांनी परिपत्रक सुरू झाले की ज्यांना ही फी लागू नाही ती घरेही धास्तावतात. त्यांच्यासाठी वेगळी ओळ हवी का, हे शाळेला विचारावे. मूळ मजकुरात ती नाही म्हणून मराठीतही नको, हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. विचारून घातलेली ओळ मुख्याध्यापकांच्या सहीखालीच जाणार असते.

फी थकलेल्यांसाठी इंग्रजीत ‘डिफॉल्टर’ हा शब्द सर्रास येतो आणि मराठीत त्याचा थेट ‘थकबाकीदार’ होतो. हा शब्द कर्जवसुलीच्या नोटिशीतला आहे. सोसायटीच्या फलकावर लागलेली नावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो कसा लागतो ते माहीत असते. ‘ज्यांची फी भरायची राहिली आहे’ असे म्हटल्याने मागणी जराही सैल होत नाही. आणि शाळा हप्ते करून देत असेल तर ते वाक्य परिपत्रकाच्या तळाशी न ठेवता फीच्या मुद्द्यातच आणावे, अर्थात शाळेची परवानगी घेऊन. ‘एकदम फी भरणे शक्य नसल्यास 5 ऑक्टोबरपूर्वी कार्यालयात भेटून हप्ते ठरवता येतील’ हे वाचूनच काही पालक शाळेची पायरी चढतात.

मजकूर हलवताना एक पथ्य पाळावे. मुद्द्यांचे क्रमांक मूळ पत्रकातले तसेच राहू द्यावेत. कार्यालयात ‘चौथा मुद्दा बघा’ असे म्हटले जाते तेव्हा इंग्रजी आणि मराठी दोन्ही कागदांवर चौथा मुद्दा एकच असला पाहिजे.

आता क्रियापदांकडे. आदर आणि स्पष्टपणा यांचा खरा झगडा तिथेच होतो. मराठीत ‘भरावी’ हे रूप सभ्य आहे, पण ते विनंतीही असू शकते आणि आज्ञाही. ‘पालकांनी सभेला यावे’ म्हणजे यायलाच हवे की आले तर बरे? इंग्रजी परिपत्रकात सक्ती, सल्ला आणि मुभा यांसाठी वेगवेगळी क्रियापदे असतात, आणि घाईच्या भाषांतरात ती सगळी ‘-वे’ मध्ये विरघळतात. यावर सोपा तोडगा म्हणजे परिपत्रकापुरती क्रियापदांची ठरावीक रूपे नक्की करून टाकणे. जे बंधनकारक आहे त्याला ‘लागेल’: भरावी लागेल, आणावे लागेल. जी विनंती आहे तिला ‘अशी विनंती आहे’. जी मुभा आहे तिला ‘येईल’: भरता येईल, भेटता येईल. आणि शाळा कदाचित करील, कदाचित करणार नाही, अशा गोष्टीला ‘शकते’. एकदा ठरले की शेवटच्या ओळीपर्यंत तेच ठेवावे.

‘शकते’ फार महत्त्वाचे आहे. मूळ मजकूर म्हणतो की वारंवार गैरवर्तन केल्यास विद्यार्थ्याला काही दिवस शाळेत बसू न देण्याचा निर्णय होऊ शकतो. मराठीत त्याचे ‘निलंबित करण्यात येईल’ झाले तर शाळेने जे म्हटलेले नाही ते शाळेच्या तोंडी घातले गेले. कडक भाषा प्रभावी वाटते म्हणून भाषांतरात शिक्षा एक पायरी वर चढते, असा अनुभव वारंवार येतो. उलटही घडते. एखाद्या कनवाळू बाईंना नियम फार कठोर वाटतो, म्हणून त्या ‘दंड आकारला जाईल’ ऐवजी ‘दंड आकारला जाऊ शकतो’ लिहितात. पालक तेवढ्यावर विसंबतो आणि दंड मात्र भरावाच लागतो. दोन्ही चुका सारख्याच वाईट.

आदर दाखवण्यासाठी ‘माननीय’, ‘सन्माननीय’, ‘आपले नम्र’ यांची रास लावायची गरज नाही. प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ घातले की तो शब्द निर्जीव होतो, आणि दंडाच्या वाक्याआधी तो आला तर टोचतो. सुरुवातीला ‘आदरणीय पालक’ किंवा नुसते ‘पालकहो’, आणि पुढे एकच संबोधन पाळावे. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही चालतात. एका परिच्छेदात आपण आणि पुढच्यात तुम्ही हे चालत नाही. इंग्रजीतल्या ‘वॉर्ड’ साठी मराठी शाळांत ‘पाल्य’ हा शब्द रुळलेला आहे आणि पालकांना तो कळतोही, पण तो पुल्लिंगी चालतो: ‘आपला पाल्य गैरहजर राहिला’. मुलीच्या आईला हे खटकते, आणि मग ‘राहिला/राहिली’ अशा तिरक्या रेघांची जत्रा भरते. वाक्य अनेकवचनात नेले की प्रश्न मिटतो: ‘मुले गैरहजर राहिल्यास’. शिवाय ‘आई-वडिलांनी सही करावी’ असे लिहू नये. काही मुले आजीकडे वाढतात, काही मामाकडे. ‘पालकांनी’ म्हटले की सगळे आत येतात.

सुट्ट्यांचा भाग सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वाधिक फोन त्यावरच येतात. ‘5 नोव्हेंबर ते 21 नोव्हेंबरपर्यंत सुट्टी’ या वाक्यात 21 तारीख सुट्टीत आहे की शाळेत? मराठीतले ‘पर्यंत’ याचे उत्तर देत नाही. 21 नोव्हेंबर 2026 ला शनिवार आहे. म्हणजे एका अर्थाने मुले शनिवारी शाळेत हजर व्हायला हवीत, दुसऱ्या अर्थाने थेट सोमवारी. गावी गेलेल्या कुटुंबाला एसटीचे आरक्षण करायचे असते, त्यामुळे हा फरक दोन दिवसांचा असला तरी त्यांच्यासाठी खर्चाचा असतो. उपाय एकच. सुट्टीचा शेवट सांगण्याऐवजी शाळा पुन्हा कधी भरणार ते वार आणि वेळेसह सांगावे: ‘गुरुवार, 5 नोव्हेंबर ते शनिवार, 21 नोव्हेंबर या सर्व दिवशी शाळेला सुट्टी आहे. सोमवार, 23 नोव्हेंबरला शाळा नेहमीच्या वेळेला, सकाळी 7.30 ला भरेल.’ सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटणार असेल तर तेही इथेच यावे, कारण व्हॅनवाल्या काकांना तेवढेच वाक्य हवे असते.

काही तारखा कोणाच्याच हातात नसतात. मुंबईत 2023 साली ईद-ए-मिलादची सार्वजनिक सुट्टी 28 सप्टेंबरऐवजी 29 ला देण्यात आली, कारण 28 ला अनंत चतुर्दशी होती आणि दोन्ही मिरवणुका एकाच दिवशी येऊ नयेत असे ठरले. 2024 मध्ये तीच सुट्टी 16 सप्टेंबरवरून 18 वर गेली. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश सकाळीच येतो आणि शाळा बंद राहते. अशा सुट्ट्यांपुढे इंग्रजीत ‘बदलास अधीन’ अशा अर्थाचे दोन शब्द असतात. मराठीत ‘अधीन’ वगैरे न लिहिता ‘सरकारने ही तारीख बदलली तर शाळा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप गटावर कळवील’ असे लिहावे. बदल होऊ शकतो एवढेच सांगून पालकांचे काम होत नाही. तो कळणार कुठे, हे त्यांना हवे असते. अर्थात ‘आदल्या दिवशी’ हे वचन शाळेने दिले असेल तरच लिहायचे.

शिस्तीच्या नियमांत इंग्रजीची छाप सर्वांत जास्त उतरते. ‘झिरो टॉलरन्स’ चे ‘शून्य सहिष्णुता’ करून काहीच साधत नाही. ‘दादागिरी किंवा मारामारीची एकही घटना शाळा दुर्लक्षित करणार नाही’ हे सरळ आहे. ‘शिस्तभंगाची कठोर कारवाई’ हाही असाच धुरकट शब्दप्रयोग. नेमके काय होणार? पालकांना बोलावणार, लेखी हमी घेणार, की वर्गाबाहेर ठेवणार? मूळ पत्रकात ते नसेल तर विचारावे. नियम मराठीत कसा उतरावा त्याचे एक उदाहरण: ‘मुलांनी मोबाइल शाळेत आणू नये. आणल्यास तो कार्यालयात जमा केला जाईल. पालकांना स्वतः येऊन, वहीत सही करून तो घेऊन जावा लागेल.’ यात धमकी नाही आणि पळवाटही नाही. उशिरा येण्याचा नियम असेल तर किती वाजल्यानंतर उशीर मानला जातो ते मिनिटांत लिहावे, कारण शाळेची घंटा आणि घरचे घड्याळ यांचे क्वचितच जमते.

काही वेळा मूळ नियमच कायद्याला धरून नसतो. ‘सलग पंधरा दिवस गैरहजर राहिल्यास नाव पटावरून कमी केले जाईल’ हे वाक्य जुन्या परिपत्रकांतून पुढे-पुढे उतरवले जाते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्याच कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. वर्गासमोर उभे करून अपमान करण्याची तरतूद सभ्य इंग्रजीत लिहिलेली असली तरी ती याच कलमात अडकते. भाषांतर करणाऱ्याने असे वाक्य गुपचूप गाळू नये, आणि गुपचूप सौम्यही करू नये. मुख्याध्यापकांना कलम दाखवावे आणि दोन्ही भाषांतला मजकूर सुधारून घ्यावा. इंग्रजीत एक नियम आणि मराठीत दुसरा, अशी अवस्था शाळेला सर्वांत महाग पडते. ‘आवारात फक्त इंग्रजीतच बोलावे’ हा नियम मराठीत छापण्याची वेळ आलीच, तर तो किती विचित्र वाचला जातो ते निदान मोठ्याने वाचून मुख्याध्यापकांना ऐकवावे.

मजकूर तयार झाल्यावर तो तपासायला दुसरा भाषातज्ज्ञ शोधू नये. शाळेतल्या मावशी किंवा गेटवरचे काका जास्त उपयोगाचे. त्यांना पान वाचायला द्यावे आणि कागद बाजूला ठेवून विचारावे: फी कधीपर्यंत भरायची? 14 तारखेला भरली तर किती रुपये? दिवाळीनंतर शाळा कोणत्या वारी? मोबाइल परत कोण आणणार? ‘कळलं का?’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘हो’ येते. जिथे ते अडखळतात, ते वाक्य पुन्हा लिहायचे. 14 तारखेचे उत्तर 12,200 रुपये यायला हवे.

मग आकड्यांची वेगळी तपासणी. इंग्रजी पान डाव्या हाताला, मराठी उजव्या, आणि फक्त तारखा, वार, रकमा, फोन क्रमांक बोट ठेवून जुळवायचे. खाते क्रमांक आणि यूपीआय आयडी पुन्हा टाइप करू नयेत, मुळातून जसेच्या तसे उचलावेत. अनेक शाळांच्या संगणकांवर अजून श्रीलिपी किंवा कृतीदेवसारखे जुने फॉन्ट आहेत. त्यात टाइप केलेला मजकूर छापून छान येतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल होतो. म्हणून पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करावे आणि पाठवण्याआधी एका साध्या मोबाइलवर उघडून पाहावे.

काही शाळा तळाशी ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल’ अशी ओळ घालतात. ज्या पालकाला इंग्रजी येत नाही म्हणून हे पान मराठीत केले, त्यालाच इंग्रजी वाचून तफावत शोधायला सांगण्यात काय हशील? त्यापेक्षा दोन्ही पानांवर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. तरीही चूक सुटलीच तर त्याच दिवशी शुद्धिपत्र काढावे. त्यात चुकलेली ओळ आणि बरोबर ओळ एकाखाली एक द्यावी. आणि मराठीत फीची तारीख चुकून पुढची छापली गेली असेल, तर त्या तारखेपर्यंत फी भरणाऱ्यांकडून दंड घेतला जाणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून मंजूर करून त्याच शुद्धिपत्रात लिहावे.